गरम पाय, जखम नाही : इंदूरच्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

इंदूरमधल्या माझ्या फॅमिली डॉक्टर सहकाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

रामबागेत माझा दवाखाना आहे आणि गेली २२ वर्षं मी तुमच्यासारखीच सर्दी-खोकल्यापासून शुगर-बीपीपर्यंत सगळं बघते. हे पत्र एका पायाबद्दल आहे. तो पाय माझ्या सख्ख्या मामांचा होता आणि तो ओळखण्यात आपल्यापैकी तिघं चुकलो. त्या तिघांत मीही आहे, म्हणून लिहायचा अधिकार मला आहे असं समजते.

मामांना तेव्हा १७ वर्षांची शुगर होती. बँकेतून निवृत्त झालेले, दर बुधवारी खजराना गणपतीला जाणार म्हणजे जाणार. पाय बधिर आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडी ते असं यायचं, "चप्पल पायातून निसटली तरी चार पावलं पुढे गेल्यावर कळतं गं." घरात हसण्यावारी जायचं. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढून स्टुलावरून उतरताना त्यांचा डावा पाय जरा वाकडा पडला. दुखलं नाही. ते तसेच कामाला लागले.

तिसऱ्या दिवशी चपलेचा पट्टा पायावरून जाईना. पाऊल सुजलेलं, वरून लालसर. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, "थोडं ठणकतं, पण चालता येतंय." त्यांच्या घराजवळच्या डॉक्टरांनी शुगरच्या माणसाचा लाल, सुजलेला पाय बघून सेल्युलायटिस धरला आणि सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. सूज हलली नाही. मग मामांनी मला फोन केला, पायाचा फोटो पाठवला. दवाखान्यात गर्दी होती. फोटो बघून मी युरिक ॲसिड करायला सांगितलं, ते ७.६ आलं, आणि मीच गाऊटची गोळी सुरू केली. झोपवून काढलेला एक्स-रे आला, 'फ्रॅक्चर नाही' असा रिपोर्ट. दोन आठवड्यांनी तिसऱ्या डॉक्टरांनी शिरेत गुठळी असेल म्हणून डॉपलर केला, तोही नॉर्मल. प्रत्येकाने आपापल्या परीने विचार केला होता. पण मामांना 'आजपासून चालायचं नाही' असं कुणीच सांगितलं नाही. ते फराळाला घरोघरी गेले, राजवाड्यावर खरेदी केली, बुधवारही चुकवला नाही.

चूक लक्षात आणून दिली ती मामींनी. साधारण सहा आठवडे झाले असतील. मामा आंघोळ करून बाहेर आले आणि कोटा लादीवर ओली पावलं उमटली. उजवं पाऊल नेहमीसारखं होतं, टाच आणि चवडा, मध्ये बाहेरच्या कडेला एक अरुंद पट्टी. डाव्या पावलाचा मात्र अख्खा ठसा, मधली खाच भरून गेलेली आणि आतल्या बाजूला उलट फुगीर. मामींनी मला फोनवर एवढंच विचारलं, "डाव्या पायाला कमानच राहिली नाहीये गं, असं होतं का?"

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांचा पाय हातात घेतला. डावं पाऊल तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीसारखं गरम होतं. उजवं थंडगार. फोटोत ही उष्णता दिसत नाही, आणि सगळं निदान त्या उष्णतेत होतं.

उभं करून काढलेल्या एक्स-रेत पावलाच्या मधल्या भागातले सांधे सरकलेले होते, दुसऱ्या बोटाच्या लांब हाडाच्या बुडाशी तुकडे पडले होते आणि बाहेरच्या बाजूचं क्युबॉइड हाड खाली उतरलं होतं. हा शार्को फूट. आपण सगळ्यांनी हे नाव परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. पॅरिसच्या शार्कोंनी १८६८ मध्ये सिफिलिसमुळे मज्जारज्जू खराब झालेल्या रुग्णांत असे विस्कटलेले सांधे वर्णन केले, आणि १९३६ मध्ये जॉर्डन यांनी त्याचा मधुमेहाशी संबंध दाखवला. पाठ्यपुस्तकात चित्र असतं ते होडीच्या तळासारख्या उलट्या फुगलेल्या तळव्याचं. तेच मनात बसतं. आपण त्या चित्राची वाट बघत राहतो आणि तोवर पाय गेलेला असतो. सुरुवातीचा शार्को फूट तसा दिसतच नाही. तो दिसतो मुरगळलेल्या पायासारखा.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगते, कारण ते डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. बधिर पायाला लहानसहान इजा होतच असतात. शाबूत पाय दुखतो, माणूस लंगडतो, पायाला विश्रांती मिळते. बधिर पायावर माणूस तसाच चालतो. इजेभोवती दाह सुरू होतो, हाडं झिजवणाऱ्या पेशी जोरात कामाला लागतात, हाड मऊ पडतं. त्यात रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणाऱ्या नसाही खराब झालेल्या असल्यामुळे पायाकडे रक्त भरभरून येतं. मऊ हाडावर पुन्हा अख्ख्या शरीराचं वजन, पुन्हा बारीक मोड, पुन्हा दाह. हे चक्र थांबवायचा मार्ग एकच आहे, वजन काढून घेणं.

म्हणूनच या पायाची नाडी छान लागते, कधीकधी उडी मारल्यासारखी. मामांच्या पायाची नाडी बघून पहिल्या डॉक्टरांनी 'रक्तपुरवठा उत्तम' असं चिठ्ठीवर लिहिलं होतं आणि घरचे त्या ओळीवर निर्धास्त झाले. ओळ खरी होती. फक्त तिचा अर्थ 'पाय ठीक आहे' असा नव्हता.

दुखण्याबद्दलही असंच. पाय बधिर म्हणजे दुखणारच नाही, असं नाही. पुष्कळांना ठणका असतो. पण पाय जेवढा वाईट दिसतो त्या मानाने तक्रार फारच कमी असते. एवढ्या सुजलेल्या पायावर माणूस दवाखान्याच्या पायऱ्या चढून आला, याचंच आपल्याला नवल वाटायला हवं.

आता माझी विनंती. शुगर आहे, पाय बधिर आहेत, एक पाऊल गरम आणि सुजलेलं आहे, आणि कातडी कुठेही फुटलेली नाही, असा रुग्ण समोर आला तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो शार्को फूट समजा. मुरगळल्याचं त्याला आठवत नसलं तरी समजा, कारण अनेकांना काहीच आठवत नाही.

पाय बधिर आहे का हे बघायला दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट असेल तर उत्तम. नसेल तर फक्त बोट पुरतं. रुग्णाला डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, टकटक करू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय बधिर आहे असं धरून चाला. एका मिनिटाचं काम आहे.

उष्णतेसाठी हाताची मागची बाजू दोन्ही पायांना आळीपाळीने लावली तरी मोठा फरक कळतो. पण आकडा असला तर पुढे फार उपयोग होतो. कोविडच्या दिवसांत आपण सगळ्यांनी कपाळाचं तापमान बघायच्या बंदुका घेतल्या होत्या, त्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत Body आणि Surface असे दोन प्रकार असतात. पायासाठी Surface वर ठेवा, नाहीतर यंत्र आकडा कपाळाच्या हिशेबाने बदलून दाखवतं किंवा नुसतं Lo म्हणतं. रुग्णाचे बूट-मोजे काढून त्याला दहा-पंधरा मिनिटं तसंच पडू द्या, मग सुजलेल्या पावलावरची सगळ्यात गरम जागा शोधा आणि दुसऱ्या पावलावर नेमकी तीच जागा मोजा. दोन अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त फरक असेल तर घंटा वाजली समजा. मामांचा डावा पाय ३५.१ आणि उजवा ३१.२ होता, जवळजवळ चार अंशांचा फरक, आणि तोही सहा आठवड्यांनंतर.

या मापाला मर्यादा आहेत. दुसऱ्या पायालाही जखम किंवा आजार असेल, किंवा एका पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर तुलना फसते. आणि गरम पाय म्हणजे शार्कोच, असंही नाही. इन्फेक्शन, गाऊट, गुठळी हे सगळं खरोखर असू शकतं. पण इन्फेक्शन पायात शिरायला बहुतेक वेळा वाट लागते, म्हणून बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, टाचेच्या भेगा, घट्टे हे सगळं उजेडात बघा. काहीच फुटलेलं नाही, ताप नाही, पांढऱ्या पेशी नॉर्मल, सीआरपी फारसा वाढलेला नाही, तर अँटिबायोटिक लिहिताना पेन थांबवा. पाय पाच-दहा मिनिटं हृदयाच्या पातळीपेक्षा वर धरून ठेवला की शार्कोतली लाली बरीच उतरते, सेल्युलायटिसमधली सहसा टिकून राहते. ही चाचणी एकटी निर्णायक नाही, पण हाताशी आहे. जखम असेल तर मात्र गुंता वाढतो, कारण इन्फेक्शन आणि शार्को एकत्रही असतात. तो रुग्ण त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायला हवा. आणि युरिक ॲसिड वाढलेलं आढळलं एवढ्यावर गाऊट ठरवू नका. ती माझी चूक होती.

एक्स-रे काढा, दोन्ही पावलांचा, शक्यतो उभं करून, बाजूनेही. झोपवून काढलेल्या फोटोत वजनाखाली सरकणारे सांधे आपापल्या जागी बसलेले दिसतात. पण उभ्याचा एक्स-रे नॉर्मल आला तरी सुटका नाही. पहिल्या काही आठवड्यांत हाड फक्त आतून सुजलेलं असतं आणि ते एमआरआयमध्येच दिसतं. 'फ्रॅक्चर नाही' हा रिपोर्ट मामांच्या हातात दिला तो दिवस खरं तर त्यांचा पाय वाचवायचा दिवस होता. हाडं अजून जागेवर होती.

संशय आला की प्लास्टरसाठी एमआरआयची वाट बघू नका, हे मी मुद्दाम ठासून सांगते. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाची २०२३ ची मार्गदर्शक सूत्रंही हेच सांगतात, की तपासण्या चालू असतानाच गुडघ्याखालपर्यंत पाय स्थिर करा. शक्यतो रुग्णाला काढता येणार नाही अशा साधनाने, म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट किंवा पोटरीपर्यंतचा पक्का बांधलेला बूट. काढता येणारा बूट दिला की माणूस रात्री बाथरूमला जाताना तो काढतो, आणि दुखत नसल्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

हे काम आपलं नाही, ऑर्थोपेडिक सर्जनचं किंवा पायाच्या क्लिनिकचं आहे. पण चिठ्ठी आपण लिहितो, म्हणून तिच्यावर 'पाय सुजला आहे, पाहावे' असं न लिहिता 'शार्को फूटचा संशय, पाय बधिर, तापमानात एवढा फरक, नाडी लागते, जखम नाही' असं लिहा. नाडी लागत नसेल तर तेही स्पष्ट लिहा, कारण रक्तपुरवठा तोकडा असलेल्या किंवा इन्फेक्शन असलेल्या पायावर बंद प्लास्टर धोक्याचं असतं. आणि बधिर पायावरचं प्लास्टर मोडलेल्या हाडाच्या साध्या प्लास्टरसारखं लावून महिनाभर विसरता येत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांतच सूज उतरते, प्लास्टर सैल होतं आणि आत घासून जखम करतं. म्हणून पहिली बदली आठवड्याच्या आत, मग दर एक-दोन आठवड्यांनी. प्लास्टरला वास येणं, डाग पडणं, ताप, किंवा कारण नसताना शुगर अचानक चढणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी उघडायचं.

मागच्या वर्षीची एक रुग्ण सांगते. लोकमान्य नगरात घरगुती डबे करणाऱ्या बाई, वय ५२, दिवसभर ओट्याशी उभ्या. पाचव्या दिवशी आल्या, त्याही पायासाठी नाही, शुगरची गोळी लिहून घ्यायला. साडीच्या काठाखाली एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात मुलाची मोठी स्लीपर दिसली म्हणून मी विचारलं. फरक ३.२ अंशांचा होता. एक्स-रे स्वच्छ. मी त्यांना दवाखान्यातून चालत जाऊ दिलं नाही. रिक्षा दारात बोलावली, समोरच्या मेडिकलवाल्याची चाकाची खुर्ची मागितली आणि त्याच संध्याकाळी प्लास्टर झालं. दोन दिवसांनी एमआरआयमध्ये पावलाच्या मधल्या हाडांत सूज दिसली, मोड नव्हती.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "डबे कोण देणार?" तो प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा होता, कारण त्याचं उत्तर मिळालं नसतं तर त्या प्लास्टरवर उभ्या राहिल्याच असत्या. आम्ही बसून हिशेब केला. पोळ्या टेबलावर बसून, भाजी सुनेने, २६ डब्यांचे १२ डबे. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल. कुबड्या नकोत, बधिर पायांच्या माणसाचा तोल जातो. घरात वॉकर, बाहेर खुर्ची. उजव्या चपलेला जाड तळ लावला, नाहीतर प्लास्टरच्या उंचीने कंबर धरते आणि सगळा भार त्या चांगल्या पायावर येतो. तो पायही बधिरच असतो आणि त्यालाही हाच आजार होऊ शकतो.

दर बदलीला आम्ही दोन्ही पायांचं तापमान वहीत लिहायचो. तिसऱ्या आठवड्यात फरक १.८ वर आला तेव्हा त्या म्हणाल्या, आता काढू या. मी नाही म्हटलं. विश्रांतीने आकडा लवकर उतरतो, हाड तेवढ्या लवकर घट्ट होत नाही. सलग काही आठवडे फरक दोन अंशांच्या आत राहिला, सूज गेली, एमआरआय सुधारला, मग १५व्या आठवड्यात प्लास्टर निघालं. नंतर साच्यावरून केलेला बूट, पहिल्या दिवशी थोडाच वेळ चालणं आणि महिनाभर दर आठवड्याला पुन्हा मोजणं. १५ आठवडे ही तशी कमी मुदत. अनेकांना सहा महिने लागतात, काहींना वर्षही. हाडांसाठीची इंजेक्शनं किंवा गोळ्या ही मुदत कमी करतात असं अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणून त्यांच्या भरवशावर वजन टाकायला परवानगी देऊ नका. त्या बाईंच्या पायाची कमान शाबूत आहे.

मामांचं प्लास्टर सात महिने चाललं. पाय शांत झाला, पण सपाट तो सपाटच राहिला. खाली उतरलेल्या त्या हाडाखाली तळव्याच्या मधोमध दोनदा जखम झाली, दुसऱ्या वेळी हाडापर्यंत गेली. बोट वाचलं, पाय वाचला, खजरान्याला मात्र ते आता गाडीतूनच हात जोडतात. घरात पाऊलभरही अनवाणी चालत नाहीत, आणि मामी रोज रात्री दोन्ही तळवे हाताने चाचपून बघतात.

घरचे लोक हे पत्र वाचत असतील तर त्यांच्यासाठी एकच. बधिर, सुजलेल्या पायाला गरम पाण्याची पिशवी, मिठाचा शेक, तेलाचं चोळणं यांतलं काही करू नका. शेकाने भाजतं आणि कळतही नाही. क्रेप बँडेज आवळून 'जरा चालल्याने सूज उतरेल' असंही म्हणू नका. माणसाला बसवा आणि दोन्ही पावलं उघडी करून डॉक्टरांना दाखवा.

आणि सहकाऱ्यांनो, रुग्णाने फोटो पाठवला तर त्याला विचारा, कुठला पाय गरम आहे? घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दोन्ही पायांना हात लावून सांगायला लावा, कारण ज्याचा पाय आहे त्याला ते कळत नाही. उत्तर 'हो, एकच गरम आहे' असं आलं तर त्याच दिवशी बोलवा, खुर्चीवर बसवून आणायला सांगा. मला त्या दिवशी मामांना एवढंच विचारायचं होतं.

आपली,
रामबागेतली एक फॅमिली डॉक्टर
इंदूर